चिमटा कुठे घ्यायचा, हे सूत्र ठरवतं
(तालुक्याच्या कबड्डी शिबिरातलं व्याख्यान, संपादित)

सकाळी सरावाआधी बावीस वर्षांचा एक खेळाडू माझ्याकडे आला. "सर, माह्यं वजन ६२ भरते. ५५ किलो गटात खेळता येईन का?" याचं उत्तर नुसत्या वजनकाट्यावर मिळत नाही. त्या ६२ किलोत चरबी किती, हे आधी पाहावं लागतं. म्हणून त्याचंच माप तुमच्यासमोर मांडतो.

कॅलिपर, म्हणजे घडी मोजायचा चिमटा, थेट चरबी मोजत नाही. तो मोजतो कातडी आणि तिच्याखालच्या चरबीची दुहेरी घडी, मिलिमीटरमध्ये. तिच्यावरून टक्केवारी काढायला सूत्र लागतं, आणि प्रत्येक सूत्र ठरावीक जागांवरच बेतलेलं असतं. आपण वापरतो ते डर्निन आणि वॉमर्सली यांचं, १९७४ चं. त्यात चार जागा आहेत: दंडाची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू, फऱ्याच्या हाडाखाली आणि कंबरेच्या हाडावर.

जागा अंदाजाने धरू नका, पेनाने खूण करा. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपरापर्यंत टेप लावा, हात कोपरात वाकवून. मधोमध खूण करा. मग हात सैल सोडायला सांगा आणि त्याच पातळीवर मागे आणि पुढे उभी घडी धरा. फऱ्याच्या हाडाचं खालचं टोक बोटाने चाचपा आणि त्याच्या जरा खाली तिरपी घडी घ्या. चौथी जागा कंबरेच्या हाडाच्या लगेच वर, काखेच्या मध्यातून खाली येणाऱ्या सरळ रेषेवर. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. दुसऱ्या एका प्रचलित सूत्रात हीच जागा काखेच्या पुढच्या कडेच्या रेषेवर घेतात. नाव एकच, जागा वेगळी.

अंगठा आणि तर्जनीने घडी उचला, स्नायू त्यात येऊ देऊ नका. शंका आली तर त्याला तो स्नायू आवळायला सांगा. स्नायू धरला असेल तर तो बोटांतून निसटतो. कॅलिपरचे जबडे बोटांच्या एक सेंटीमीटर खाली लावा, खटका पूर्ण सोडा आणि साधारण दोन सेकंदांनी आकडा वाचा. जास्त वेळ थांबलात तर घडी दबते आणि आकडा उतरत जातो. चारही जागा एकदा फिरून झाल्या की पुन्हा फिरा. दोन मापांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरं माप घ्या. आणि आपल्याकडच्या उन्हात सराव झाल्याबरोबर मोजू नका. घामाने घडी बोटांतून सुटते, तापलेली कातडी फुगलेली असते.

त्या मुलाची मापं आली ४, ९, १३ आणि १४. बेरीज ४०. वय २० ते २९ च्या पुरुषांसाठी सूत्र असं (आधी शरीराची घनता D, मग तिच्यावरून चरबीची टक्केवारी देणारं सिरींचं समीकरण):

```
D = 1.1631 - 0.0632 × log10(40) = 1.06185
% = 495 / D - 450 = 16.2
```

एका शिबिरात मला दिलेल्या तक्त्यावर जागा या चार होत्या, पण सूत्र जॅक्सन आणि पोलॉक यांचं छापलं होतं. ते छाती, पोट आणि मांडी या तीन जागांसाठी आहे. मी तपासलं नाही. ते सूत्र या जागांना लावलं तर ४० च्या याच बेरजेतून ११.२ टक्के निघतात. पाच टक्क्यांचा फरक, आणि तो त्या मुलाच्या अंगात कुठेच नाही. त्या मानाने हाताची चूक लहान ठरते: कंबरेवर १४ ऐवजी १८ वाचलं असतं, तरी उत्तर १७.३ आलं असतं.

आता त्याचा प्रश्न. ६२ किलोचे १६.२ टक्के म्हणजे १० किलो चरबी. उरलेले ५२ किलो स्नायू, हाडं, पाणी. ५५ वर यायचं, तर अंगावर चरबी राहील जेमतेम तीन किलो, म्हणजे साडेपाच टक्के. पुरुषाच्या शरीराला जगायला लागणाऱ्या चरबीच्या अगदी काठावर. शिवाय हे सूत्र ग्लासगोच्या लोकांवर बेतलेलं आहे, आणि आपल्या लोकांत हातापायांपेक्षा धडावर चरबी जास्त साठते. अचूक मोजलं तरी या पद्धतीत तीन-चार टक्के इकडेतिकडे होतातच. म्हणजे खरा आकडा १३ टक्के असला, तर ५५ वर येताना त्याच्या अंगावर किलोभरच चरबी उरेल. इतकी कमी चरबी शरीराला चालत नाही, म्हणून काही वजन स्नायू आणि पाणी घालवूनच उतरवावं लागेल.

मी त्याला सांगितलं, "बेटा, ५५ चा नाद सोड, ६० च्या आसपास रहा." सहा आठवड्यांनी त्याच खुणांवर, त्याच कॅलिपरने, मीच पुन्हा मोजणार आहे. तेव्हा टक्केवारी नंतर काढू, आधी ४० ची बेरीज किती झाली ते पाहू. वजन उतरलं आणि बेरीज तिथेच राहिली, तर त्याचं जेवण लगेच वाढवायला लावणार.