तीन रकान्यांचं पान

(दृश्य: मैदानाच्या कडेला टॅबलेट. पडद्यावर दाटीवाटीने आलेख.)

सराव सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत. पडद्यावर चाळीस आलेख आहेत आणि प्रशिक्षकाला एवढंच हवंय: आज कोणाला आधी गाठून विचारपूस करायची?

(दृश्य: कोरा कागद, पेन्सिलीने आखलेला तक्ता.)

प्रत्येक खेळाडूला एक ओळ आणि रकाने तीनच: आज खेळायला उपलब्ध आहे का, सकाळची तब्येत, आठवड्याचा सरावाचा भार.

तब्येतीसाठी रोज चार प्रश्न: झोप, थकवा, अंगदुखी, मनावरचा ताण. प्रत्येकाला १ ते ५ गुण. ५ म्हणजे उत्तम. आज दोघांची बेरीज १३ आली. एकाची महिन्याची सरासरीच १३ आहे, त्याला काही झालेलं नाही. दुसऱ्याची सरासरी १६ आणि प्रमाण विचलन, म्हणजे त्याचा नेहमीचा चढउतार, दीड गुणाचा. तो दोन विचलनं खाली घसरलाय, त्याला गाठायला हवं. म्हणून पानावर नुसते १३ छापू नका, स्वतःच्या सरासरीपासूनचं अंतर दाखवा. संघाच्या सरासरीशी तुलना इथे फसवते.

भाराचं गणित सोपं आहे. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, ‘० ते १० मध्ये किती जड गेलं?’ तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं, हा त्या सरावाचा भार. लगेच विचारलं तर शेवटच्या धावांचाच दम उत्तरात उतरतो.

(दृश्य: तक्त्यातली एक ओळ, अगदी जवळून.)

या ओळीत आठवड्यातल्या चार सरावांचा भार आहे: ३००, ४५०, ६३०, १८०. बेरीज १५६०. आधीच्या तीन आठवड्यांची सरासरी १२००, म्हणजे ३० टक्के वाढ. आता समजा, ६३० चा सराव नोंदवायचा राहिला आणि तक्त्याने तिथे शून्य धरलं. बेरीज ९३० होते, आणि ज्याचा भार वाढलाय तोच खेळाडू निवांत दिसतो! सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण पडद्यावर काहीच खटकत नाही. नोंद नसेल तर आडवी रेघ दाखवा आणि बेरीज रोखून धरा. विश्रांतीच्या दिवसाचं शून्य मात्र खरं शून्य असतं.

मोह होतो तो सगळं मिसळून शंभरपैकी एक ‘तयारी गुण’ काढायचा. तो टाळलेलाच बरा. ६८ आले तर झोप बिघडली की भार वाढला, हे प्रशिक्षकाला पुन्हा शोधावंच लागतं.

खुणा लाल-हिरव्या रंगावर सोडू नका. अनेक पुरुषांना या दोन रंगांतला फरक नीट कळत नाही, आणि उन्हात तो कोणालाच धड दिसत नाही. सरासरीहून खाली असेल तर खाली टोक असलेला त्रिकोण पुरतो. ज्यांच्याकडे लक्ष द्यायचं, त्यांच्या ओळी सर्वांत वर.

(दृश्य: प्रशिक्षक टॅबलेट खाली ठेवून एका खेळाडूकडे चालत जातो.)

खूण दिसली म्हणजे दुखापत होणार, असं नाही. रात्रीचा प्रवासही झोपेचे गुण पाडतो. ते त्याला विचारल्यावरच कळतं.