साठचे सात

[दृश्य: नारळाच्या दुकानाचा गल्ला. फोनवर संदेश येतो.]

"उद्या सकाळी सात नारळ पाठवा."

संदेश देवळातून आलाय. दुकानदार सात नारळ पिशवीत भरतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पाठवणाऱ्याला हवे होते साठ.

[दृश्य: कीबोर्ड, अगदी जवळून.]

हे कसं झालं, ते पाहू. आपल्यातले कितीतरी जण मराठी लिहितात रोमन अक्षरांत, आणि फोन त्याचं देवनागरी करतो. पण रोमनमध्ये त आणि ट, दोघांना मिळून एकच t. ल-ळ, न-ण, द-ड यांचीही तीच गत. त्यामुळे sath हे साठही असू शकतं आणि साथही. घाईत h सुटला, तर सातही. फोन हे सगळे शब्द वरच्या पट्टीत मांडतो, आणि आपण स्पेस दाबली की सहसा पहिला शब्द वाक्यात जाऊन बसतो. पहिला कोण, हे बऱ्याच कीबोर्डांवर तुमच्या सवयीवरून ठरतं. रोज "सातला निघतो" लिहिणाऱ्याच्या फोनवर सातच पुढे सरकतो. फोनच्या लेखी तो उपकारच.

[दृश्य: जुना संगणक, पडद्यावर Cupertino.]

हा घोळ फोनच्या आधीपासूनचा आहे. 1990 च्या दशकात काही शुद्धलेखन तपासनीसांच्या शब्दसंग्रहात cooperation हा शब्द फक्त मधल्या आडव्या रेघेसह होता. रेघ न देता लिहिलं की ते Cupertino सुचवत. हे कॅलिफोर्नियातलं एक गाव. युरोपीय संघाच्या कागदपत्रांतही सहकार्याच्या जागी हे गाव अवतरलं, आणि अशा चुकांना त्याचंच नाव पडलं. तिथे वाचणारा निदान थबकतो तरी. "काका काळ आले" वाचूनही आपण हसतो आणि मनातल्या मनात "काल" करून घेतो.

सात नारळांना कोण हसणार? पूजेला सात नारळ लागूच शकतात. वाक्य धड, अर्थ धड, म्हणून शंकाच येत नाही. लिहिणाऱ्यानं पुन्हा वाचलं तरी उपयोग बेताचाच, कारण त्याच्या डोक्यात साठ असतात आणि डोळे तेच वाचतात.

[दृश्य: दुकानदार उत्तर लिहितोय.]

त्या सकाळनंतर दुकानदार प्रत्येक मागणीला आकड्यात उत्तर देतो: "60 ना?" आकडा कीबोर्ड बदलत नाही, आणि शून्य सुटलं तर डोळ्यांत खुपतं.

गंमत म्हणजे, चेकवर आकडा आणि अक्षरी रक्कम जुळली नाही, तर 1881 चा पराक्राम्य दस्तऐवज कायदा अक्षरी रकमेलाच खरी मानतो. तो कायदा झाला तेव्हा अक्षरं हातानं लिहिली जात होती.

[दृश्य: टेम्पोत चढणारे नारळ.]