लघवीची गोळी, पण कुठली?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय लघवीच्या गोळीबद्दल. बीपी, पायावरची सूज, हार्ट फेल्युअर, सगळ्याला लोक एकच नाव देतात, "लघवीची गोळी". पण या गोळ्यांच्या तीन जाती आहेत, आणि तिघींमधला जो फरक पेशंटला खरंच अडचणीत आणू शकतो तो म्हणजे पोटॅशियम.

एक उदाहरण घेऊ. समजा ६८ वर्षांच्या एक आजी आहेत, हार्ट कमजोर झालंय, पाय सुजलेत, रात्री आडवं झालं की दम लागतो. डॉक्टर फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम सकाळी देतात. हे लूप डाययुरेटिक, तिघांत सगळ्यात जोरदार. किडनीच्या गाळणीतून खाली आलेलं मीठ शरीर परत ओढून घेत असतं, त्यातला मोठा हिस्सा जिथे ओढला जातो तिथेच हे औषध अडवतं, म्हणून तासाभरात लघवी सुरू होते आणि साधारण सहा तासांत जोर ओसरतो. म्हणूनच ही गोळी संध्याकाळी उशिरा घेऊ नका, रात्रभर उठावं लागतं आणि अंधारात पडायची भीती असते. आठवड्यात आजींचं वजन ६४ वरून ६१ किलो झालं, दम कमी झाला. पण मिठाबरोबर पोटॅशियमपण वाहून गेलं, रिपोर्टमध्ये ३.२ आलं, नॉर्मल साधारण ३.५ ते ५. पायात गोळे येतात, छातीत धडधडतं. म्हणून पोटॅशियमचं सिरप सुरू झालं.

आता पुढचं नीट ऐका. महिन्याने डॉक्टरांनी जोडीला स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम सुरू केलं. ही पोटॅशियम वाचवणारी जात. लघवी फार वाढवत नाही, पण अशा हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवते, १९९९ च्या रेल्स नावाच्या ट्रायलमध्ये ते दिसलं. आजींना बीपी आणि हार्टसाठी रॅमिप्रिल आधीपासून होतं, तेही पोटॅशियम धरून ठेवतं. सिरप बंद करायला कुणी सांगितलंच नाही, घरात "कमी सोडियमचं मीठ" आणलं होतं ज्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो, आणि गुडघ्यासाठी अधूनमधून आयबुप्रोफेन चालू होतंच, जे किडनीचा रक्तपुरवठा कमी करतं. आठवड्याने रक्त तपासलं तर पोटॅशियम ५.९, आणि किडनीचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन ०.९ वरून १.५.

आणि आजींना काहीच त्रास नव्हता! पोटॅशियम वाढलेलं बऱ्याचदा कळतच नाही, कधी नुसता अशक्तपणा, कधी नाडी मंद, आणि फार वाढलं तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून "मला बरं वाटतंय" हा पुरावा धरू नका, रक्त तपासा. आजींचा लगेच ईसीजी काढला, तो ठीक होता. सिरप, ते मीठ आणि आयबुप्रोफेन बंद, स्पायरोनोलॅक्टोन थांबवलं, तीन दिवसांनी परत तपासलं तर ४.७. मग निम्म्या डोसवर गोळी पुन्हा सुरू, कारण फायदा सोडून द्यायचा नव्हता. रेल्स नंतर कॅनडातल्या ओंटारियोत ही गोळी खूप लिहिली जाऊ लागली, आणि पोटॅशियम वाढून ॲडमिट होणारे पेशंटही वाढले. गोळी चांगली आहे, पण सुरू केल्यावर साधारण आठवड्याने, मग महिन्याने, आणि पुढेही ठरावीक अंतराने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायलाच हवं. या गोळीने पुरुषांमध्ये स्तन दुखले किंवा फुगले तर लाजू नका, सांगा, हिच्याऐवजी दुसरं औषध आहे.

राहिली थायाझाइड, बीपीची गोळी, क्लोरथॅलिडोन वगैरे. हिचा लघवीवरचा परिणाम सौम्य आणि लांबणारा, त्यामुळे "लघवी वाढली नाही म्हणजे गोळी काम करत नाही" असं समजून लोक बंद करतात, तसं करू नका, बीपी मोजा. हीसुद्धा पोटॅशियम घालवते, पण वयस्कर बायकांमध्ये मला जास्त धास्ती सोडियम कमी होण्याची वाटते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागला, चालताना तोल जायला लागला, तर "वयामुळे" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी सोडियम तपासा. गाउट असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, युरिक ॲसिड वाढतं.

घरी करायचं एवढंच. सूज किंवा हार्टचा त्रास असेल तर रोज सकाळी लघवी करून, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा, तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर फोन करा. जुलाब उलट्या सुरू झाल्या किंवा उठताना डोळ्यापुढे अंधारी आली तर गोळ्या तशाच चालू न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. आणि नवीन गोळी लिहून मिळाली की सगळी जुनी औषधं, सिरप, पेनकिलर, मिठाचं पाकीटसुद्धा समोर ठेवून विचारा, "यातलं आता काय बंद करायचं, आणि रक्त कधी तपासायचं?"