समोरचा वकील घेऊन आला, तर?

(ठाण्यात लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

समजा, तुमचं वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनचं युनिट आहे. वाशीतल्या एका कंपनीला तुम्ही रॅक पुरवले. बिल 10 लाखांचं, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 11,80,000. त्यातले 4 लाख मिळाले, 7,80,000 अडकले. कंपनी म्हणते, बारा रॅकचं वेल्डिंग कच्चं आहे.

व्यापारी वादाची रक्कम 3 लाख किंवा अधिक असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम 12अ मध्ये तसं आहे, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक असल्याचं सांगितलं. तुम्ही ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज केला. तारखेला एकटेच गेलात. समोर कंपनीचा मॅनेजर आणि शेजारी वकीलसाहेब.

इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण डोक्यात कोर्ट असतं. पण मध्यस्थ निकाल देत नाही, त्यामुळे युक्तिवाद जिंकण्यासारखं तिथे काही नसतं. वकिलाची खरी कामं दोन. केस कोर्टात गेली तर काय होईल ते स्वतःच्या अशिलाला सांगणं आणि तडजोडीचा मसुदा पाहणं. दुसऱ्या कामात तुम्ही कच्चे पडता, पहिल्यात नाही. आणि एक गैरसमज काढून टाका: मध्यस्थ तुमचा वकील नाही. मसुदा तुमच्या तोट्याचा असेल, तरी तो तुम्हाला सल्ला देणार नाही.

म्हणून तयारी घरूनच. एका पानावर तक्ता करा: बिल, डिलिव्हरी चलन, त्यावरची सही, पैसे आल्याची तारीख, वेल्डिंगची पहिली तक्रार कधी आली. प्रत्येक ओळीसमोर कागदाचा क्रमांक. वकील म्हणाले, “हे कोर्टात टिकणार नाही,” तर वाद घालू नका. “कोणता कागद टिकणार नाही?” एवढंच विचारा. उत्तर ठोस असलं तर तुमच्याच उपयोगाचं, मोघम असलं तर ते मध्यस्थालाही दिसतं.

दुसरं, आकडा. बारा रॅकच्या दुरुस्तीला 60,000 लागतील असं धरलं, तर खरं येणं 7,20,000. कॅश क्रेडिटवर 12 टक्के भरत असाल, तर या रकमेचं वर्षाचं व्याज 86,400 होतं. म्हणजे आज एकरकमी 6,50,000 मिळाले, तर तुम्ही 70,000 सोडता, एका वर्षाच्या व्याजापेक्षा कमी. हप्ते असतील तर हा आकडा वर सरकवा. तुमची खालची मर्यादा कागदावर लिहून खिशात ठेवा; खोलीत बसून ठरवली की ती खाली येतेच.

हातात आणखी एक मुद्दा आहे. खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर थकलेल्या रकमेपुरतं इनपुट टॅक्स क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. इथे ते सुमारे 1,19,000. समोर धमकीसारखं बोलू नका. मध्यस्थाबरोबरच्या स्वतंत्र बैठकीत सांगा. वकिलाला हा हिशेब आपल्या अशिलाला समजावावाच लागेल.

बैठकीआधीच विचारून ठेवा: येणाऱ्या मॅनेजरला रक्कम मान्य करण्याचा अधिकार आहे का? अधिकारपत्र मागा. नाहीतर चार तास बोलून झाल्यावर “डायरेक्टरांना विचारतो” ऐकावं लागतं. आणि जपून: मध्यस्थीत बोललेलं गोपनीय असतं, पण त्याच संध्याकाळी तुम्ही पाठवलेला “हो, वेल्डिंग थोडं कच्चं होतं” हा व्हॉट्सॲप मेसेज त्या आडोशाखाली येईलच असं समजू नका.

आता मसुदा. फसगत इथेच होते. या मध्यस्थीतल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याचा दर्जा असतो, सही केल्यावर “मला कळलं नव्हतं” सहसा चालत नाही. “लवकरात लवकर देऊ” असं वाक्य खोडा. रक्कम, तारीख, बँक खातं लिहा. 7,00,000 तीन हप्त्यांत ठरलं, तर एक हप्ता चुकला की मूळचे 7,80,000, मिळालेले वजा करून, व्याजासह लगेच देय, असं कलम हवंच. “सर्व दावे संपले” हे वाक्य शेवटचा हप्ता मिळाल्यावर लागू व्हावं, सहीच्या दिवशी नव्हे. रकमेत जीएसटी धरलाय का, तेही लिहा.

मसुदा हातात आला की वेळ मागा. त्या दोन पानांपुरता वकील पाहून घ्या. पूर्ण केसच्या फीपेक्षा हा खर्च बराच कमी असतो. युनिट एखाद्या ताईंच्या नावावर असेल, तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. हा अर्ज मात्र पहिल्या तारखेच्या आधीच करा.