जॉइनिंग बोनस परत मागितला, तर किती द्यायचा?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ऑफर लेटरमध्ये एक ओळ असेल: बारा महिन्यांच्या आत राजीनामा दिल्यास जॉइनिंग बोनस परत करावा लागेल. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, की साहेब, ही अट बेकायदा आहे ना? कुणीतरी त्याला करार कायद्याचं कलम २७ सांगितलेलं असतं, की माणसाला नोकरी सोडण्यापासून अडवता येत नाही.

ते खरं आहे, पण इथे ते लागू पडत नाही. तुम्हाला कुणी अडवत नाही, पैसे मागतात एवढंच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात हेच सांगितलं. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरायचे, अशी बाँडची अट होती. अधिकाऱ्याने २००९ मध्ये राजीनामा दिला, निषेध नोंदवून पैसे भरले आणि मग उच्च न्यायालयात गेला. तिथे जिंकला, दिल्लीत हरला. नोकरी चालू असतानाच्या काळापुरती अट ही व्यवसायबंदी नव्हे, असं न्यायालय म्हणालं. मात्र ती सरकारी बँक होती. माणूस मध्येच गेला की जाहिरातीपासून सगळी भरती पुन्हा करावी लागते, हा खर्च न्यायालयाने जमेस धरला. खासगी कंपनीच्या वकिलाने हा निकाल तुमच्या तोंडावर फेकला, तर हा फरक लक्षात असू द्या.

बोनसचं प्रकरण तर बाँडपेक्षा कंपनीला सोपं आहे. बाँडमध्ये नुकसान किती झालं ते दाखवावं लागतं. कारण कलम ७४ म्हणतं की करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, मिळणार ती वाजवी भरपाई. बोनसमध्ये कंपनी म्हणते, नुकसानभरपाई कसली, आम्ही अटीवर दिलेला पैसा परत मागतोय. या म्हणण्यात वजन आहे, हे मी तुमचा वकील असूनही कबूल करतो.

आता आकड्यांवर या. समजा, एक मुलगी १ ऑगस्ट २०२४ ला हिंजवडीत रुजू झाली. बोनस तीन लाख, तिचा पगार तीस टक्क्यांच्या टप्प्यातला. टीडीएस उपकरासह ९३,६०० कापला गेला, हातात आले २,०६,४००. तिचा शेवटचा दिवस ३० एप्रिल २०२५. म्हणजे नऊ महिने झाले, तीन राहिले. कंपनी मागते पूर्ण तीन लाख.

पहिली गोष्ट, पत्रात ‘प्रमाणात’ असा शब्द आहे का? असेल तर देणं ७५,००० आहे, विषय संपला. नसेल तर पाऊण काळ मी अट पाळली आहे, पूर्ण रक्कम दंडासारखी होते, असं कलम ७४ च्या आधारे मांडता येतं. पण ही वाटाघाट आहे, हमखास हक्क नाही.

दुसरी गोष्ट कराची, आणि लोक इथेच फसतात. हीच मुलगी मार्चच्या आत गेली असती, तर कंपनीने त्याच वर्षाच्या पगारातून तीन लाख वजा करून टीडीएस जुळवून घेतला असता. एप्रिल उजाडला आणि आधीच्या वर्षाच्या फॉर्म १६ मध्ये पूर्ण बोनस उत्पन्न म्हणून बसला. आता ती तीन लाख परत देईल, तर जे ९३,६०० तिच्या हातातच आले नव्हते तेही खिशातून जातील. नोटिस पेच्या कपातीवर अहमदाबादच्या आयकर न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये करदात्याच्या बाजूने निकाल दिला आहे, त्याचा आधार घेऊन विवरणपत्रात दावा करता येतो. खाते प्रश्न विचारणार, हे धरून चाला. म्हणून हिशेब मागताना कंपनीला लेखी विचारा: मागणी ग्रॉसची की नेटची? काही कंपन्या नेटवर तयार होतात.

स्थलांतर भत्त्याचं वेगळं. ‘एक लाखापर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि पॅकर्स-मूव्हर्सचं बिल ६२,००० चं असतं. कंपनीने थेट त्यांना दिलेले पैसेही मागता येतात, पण ६२,००० च. उरलेले ३८,००० तुम्हाला कधी मिळालेच नाहीत. एचआरचा तक्ता पुष्कळदा मर्यादेचाच आकडा उचलतो, म्हणून बिलाची प्रत मागा.

आणखी एक शब्द बघा: ‘राजीनामा दिल्यास’ की ‘कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास’. दुसरा असेल तर कंपनी तुम्हाला कपातीत काढूनही बोनस मागू बघेल. सही करण्यापूर्वी तो बदलून घ्या, बहुतेकदा एका ईमेलवर बदलतो.

वसुलीचं म्हणाल, तर एवढ्या रकमेसाठी कोर्टात जाणं कंपनीला परवडत नाही. फुल अँड फायनलमधून कापतात, उरलं तर नोटीस पाठवतात आणि रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवतात. दाव्याला मुदत तीन वर्षांची असते. पीएफला मात्र त्यांना हात लावता येत नाही. तो कायद्याने जप्तीपासून सुरक्षित आहे, आणि ‘पीएफमधून वळते करू’ अशी ईमेल आली तर ती जपून ठेवा, वाटाघाटीत ती तुमच्याच उपयोगी पडते.