दुसऱ्या पानाला भोकं का नाहीत?

(वाचनालयाच्या हॉलमध्ये झालेलं व्याख्यान, थोडं साफसूफ करून)

बसा बसा, मागं खुर्च्या आहेत. विषय पत्रिकेवर छापलाय, 'फुटलेली कागदपत्रं आणि एम्बार्गो', आणि वेळ दिलाय पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं सत्कारात गेली. नारळ छान होता पण.

मी तालुक्याचा बातमीदार होतो, दिल्लीचा नाही. माझ्याकडं कागद फुटायचा तो एसटी स्टँडजवळच्या टपरीवर, 'दादा, एक गंमत दाखवू का' म्हणून. त्यातलीच एक सांगतो.

तुम्ही केळीवाले लोक, त्यामुळं विमा समजावत बसत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर थंडीचा किंवा उन्हाचा आकडा सलग ठरलेले दिवस निकषात बसला की मंडळ पात्र, नाही बसला की शेजारच्याला पैसे आणि तुम्ही बांधावर बसून मोजा. तर एका हंगामात, यादी जाहीर व्हायच्या आधीच, एकानं मला पात्र मंडळांच्या यादीची झेरॉक्स दिली. तीन पानं, वर सरकारी पत्र, जावक क्रमांक, गोल शिक्का, सही. मी म्हटलं खरं कशावरून, तर भाऊनं लगेच खिशातून त्याच साहेबांच्या सहीचं जुनं पत्र काढलं. दोन्ही सह्या शेजारी धरल्या, शेपटीसकट जुळल्या. संपादकांना फोन केला, पहिलं पान ठेवा म्हटलं.

घरी जाऊन जेवायला बसलो, कळण्याची भाकर अन् ठेचा, आणि घास हातातच राहिला. अरे, नमुना कुणी दिला? ज्यानं कागद दिला त्यानंच! म्हंजे मी त्याचा कागद त्याच्याच कागदाशी ताडून बघितला.

यात मी एकटाच शहाणा नाही. 1983 मध्ये 'स्टर्न' या जर्मन साप्ताहिकानं हिटलरच्या डायऱ्या मिळाल्या म्हणून गाजावाजा केला. अक्षर तज्ज्ञांना दाखवलेलं, तज्ज्ञ म्हणाले हो, एकाच माणसाचं. ते खरंच एकाच माणसाचं होतं! नमुने म्हणून दिलेल्या कागदांत त्याच कुयाऊ नावाच्या भामट्यानं बनवलेले कागद होते. पुढं सरकारी तपासणीत कागदात उजळपणा आणणारं रसायन निघालं, जे युद्धानंतर वापरात आलं. ही तपासणी आधी पूर्ण करून मग छापायचं, एवढंच करायचं होतं. असो.

दुसऱ्या दिवशी मी तापीकाठच्या एका ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक ओळखीचा. त्याला म्हटलं, त्या ऑफिसच्या त्याच टेबलावरून तुला अलीकडं आलेलं कुठलंही पत्र दाखव, विषय काहीबी चालंल. हा नमुना माझ्या टपरीवाल्याच्या हातातून आलेला नव्हता, आणि खरी किंमत त्यालाच. त्यानं आवक फाईल काढली. माझ्या पत्रावर जावक क्रमांक 1187. ग्रामसेवकाकडं त्यानंतर चार दिवसांनी निघालेलं पत्र, त्यावर 1162. आता जावक नोंदवहीत आकडा एकेक पुढं जातो, वर्ष संपेपर्यंत मागं येत नाही भो. फक्त एक ध्यानात ठेवा, काही ऑफिसात प्रत्येक टेबलाची नोंदवही वेगळी असते, म्हणून तेच टेबल पाहिजे. आणि क्लार्कला फोन करून '1187 तुमचंच का' असं कधी विचारू नका, तो जेवणाच्या सुट्टीत 'हो हो' म्हणून मोकळा होतो.

म्हंजे वरचं पत्र बनावट. मी चिडून कागद फेकणार होतो, पण यादी परत बघितली, खिडकीपाशी धरून. पहिल्या आणि तिसऱ्या पानाच्या डाव्या कडेला दोन काळे ठिपके होते, फाईलला लावायला पंच केलेल्या भोकांची झेरॉक्समध्ये उमटलेली सावली. वरच्या कोपऱ्यात पिनेची रेघ. दुसरं पान मात्र कोरं स्वच्छ, ना भोक ना पिन. ओळींचा डावा समासही जरा आत सरकलेला. म्हंजे यादी खरी, कच्चा मसुदा असेल, पण मधलं पान बदललेलं.

नंतर अधिकृत यादी आली तेव्हा ताडली. दुसऱ्या पानावरची दोन मंडळं त्यात नव्हतीच. बाकी सगळं तंतोतंत. त्या दोन मंडळांत कुणीतरी 'तुमचं नाव घालून देतो' म्हणून शेतकऱ्यांकडून पैसे घेत होतं, आणि माझी बातमी म्हंजे त्याची पावती झाली असती. म्हणून सांगतो, निव्वळ खोटा कागद लवकर पकडला जातो, खऱ्यात एक पान खोटं असलेला फसवतो. पान न् पान वेगळं तपासायचं.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.)

शासन निर्णय म्हणून पीडीएफ येतात ना मोबाईलवर, त्याच्या शेवटी लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हंजे वर्ष, महिना, दिवस. ते वरच्या तारखेशी जुळत नसतील तर थांबा, आणि जुळले तरी सरकारच्या वेबसाईटवर तो आकडा टाकून मूळ उतरवून घ्या.

आता देणाऱ्याचं. इथं माझं पाप आहे. एका खऱ्या पत्राचा मी अख्खा फोटो छापला. पत्राखाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून सहा जणांची नावं असतात आणि ज्याची प्रत त्याच्या नावापुढं पेनानं बरोबरची खूण असते, ती मी बघितलीच नाही. ऑफिसनं बघितली. आठवड्यात आमच्या माणसाची बदली सातपुड्यात. अमेरिकेत 2017 मध्ये असंच, बातमीदारांनी फुटलेल्या कागदाची प्रत खात्री करायला सरकारलाच दाखवली, त्यावर घडी दिसत होती म्हंजे कुणीतरी प्रिंट काढलाय, प्रिंट काढणारे सहाच जण निघाले, आणि रिअ‍ॅलिटी विनर नावाच्या मुलीला पुढं पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. ऑफिसला प्रतिक्रिया विचारताना मजकूर वाचून दाखवा, कागद दाखवू नका. छापताना पुन्हा टाईप करून छापा.

केव्हा छापायचं? प्रतिक्रियेला लेखी वेळ द्यायचा, साधारण एक कामाचा दिवस, आणि त्यांनी 'हा कागद चोरीचा आहे' असं उत्तर दिलं तर तो आपला आहे हे त्यांनी कबूल केलं, छान झालं. कोर्टाचं भ्या असेल तर हे ठेवा, राफेलच्या प्रकरणात 10 एप्रिल 2019 ला सुप्रीम कोर्टानं छापून आलेली फुटलेली कागदपत्रं विचारात घ्यायला सरकारचा आक्षेप फेटाळला. म्हणून गोपनीयता कायदा गेला असं नाही, 1923 चा आहे, अजून आहे, वकिलाला दाखवून छापा.

एम्बार्गो राहिलाच की. दोन वाक्यांत. एम्बार्गो म्हंजे ठरलेल्या वेळेआधी छापणार नाही असा शब्द देऊन घेतलेला कागद, फुटलेला नव्हे. कुणी न विचारता मेलवर 'रात्री आठपर्यंत छापू नये' लिहून पाठवलं तर तुम्ही शब्द दिलेला नाही, तरी नातं टिकवायचं म्हणून बहुतेक जण पाळतात. शब्द दिला असेल आणि दुसऱ्यानं फोडलं तर देणाऱ्याला फोन करून बंधन उठलं का विचारायचं. 1945 ला एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या एडवर्ड केनेडीनं जर्मनीच्या शरणागतीची बातमी बंधन तोडून दिली, कारण जर्मन रेडिओ ती आधीच सांगून बसला होता. एपीनं त्याला काढलं आणि माफी मागितली 2012 मध्ये, तोवर तो कधीचाच वारला होता.

शेवटचं. आजच्या व्याख्यानाची प्रेसनोट आयोजकांनी दुपारी चारलाच पेपरांना पाठवलीय, 'रात्री आठनंतर प्रसिद्ध करावी' लिहून. आमच्या एका पोरानं मला ती फोडली. त्यात व्याख्यान 'उत्साहात संपन्न' झालंय, आणि मी पत्रकारांनी सामाजिक भान जपावं असं आवाहन केलंय. ते आवाहन अजून मी केलेलं नाही, पण चहा आलेला दिसतोय.