बिडी सुटल्यावर हिरडीतून येणारे रक्त

मंडळी, जिंतूर तालुक्यातून आमच्याकडे आलेले सेहेचाळीस वर्षांचे एक शेतकरी रोज दोन बंडल बिडी ओढत असत. घरच्यांच्या आग्रहाने त्यांनी बिडी सोडली आणि तीन आठवड्यांनी घाबरून आले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बिडी होती तोवर थेंबभर रक्त येत नव्हतं. सोडली अन् ब्रश लाल व्हायला लागला."

या रक्ताला भिऊन अनेक जण पुन्हा बिडी पेटवतात, म्हणून यावर मी जास्त वेळ घेतो. तंबाखूच्या धुराने हिरडीतला रक्तपुरवठा दबतो आणि आजाराशी झुंजण्याची तिची ताकद खचते, त्यामुळे आत पू असला तरी वरून हिरडी कोरडी, फिकट आणि घट्ट दिसते. बिडी सुटली की काही आठवड्यांतच रक्तपुरवठा सुधारतो आणि इतके दिवस झाकलेली सूज रक्ताच्या रूपाने बाहेर दिसू लागते. आजार जुनाच असतो. तो आता दिसतो एवढेच.

खुणा असलेली बारीक सळई त्यांच्या दात आणि हिरडीच्या फटीत घातली, तेव्हा निरोगी तोंडात तीन मिलिमीटरपर्यंत जाणारी ती सळई खालच्या एका दाताशी सहा मिलिमीटर आत गेली. हिरडी त्याआधीच दोन मिलिमीटर खाली सरकलेली होती. भूल देऊन दोन बैठकांत मुळांवरचे कीटण काढले. तीन महिन्यांनी फट चारवर आली, रक्त थांबले; मात्र सूज उतरल्यामुळे हिरडी आणखी एक मिलिमीटर खाली दिसू लागली आणि थंड पाणी झोंबू लागले. हे उपचाराचे अपयश नव्हे, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. झिजलेले हाड आणि सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. काही ठिकाणी टाळूची त्वचा लावून मूळ झाकता येते, पण दोन दातांमधले हाड गेले असेल तर मूळ पूर्ण झाकले जात नाही, आणि धूम्रपान चालू असेल तर ती शस्त्रक्रिया फसण्याची शक्यता वाढते.

जिभेचे मात्र तसे नाही. धुरामुळे जिभेवरचे बारीक काटे लांबतात, त्यांत जंतू साठतात आणि गंधकयुक्त वायूंची दुर्गंधी येते. या गृहस्थांनी रोज जीभ मागच्या भागापासून हलक्या हाताने घासली, तेव्हा तपकिरी थर काही आठवड्यांत गेला. वास मात्र हिरड्यांच्या फटी साफ झाल्यावरच पुरता कमी झाला, कारण बरेच जंतू तिथेच दडलेले होते.

जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत, घासून न निघणारा पांढरा चट्टा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो थर समजून घासत बसू नका. त्याचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो.